गिऱ्हाईक काय टाइप करतं?

‘हेरिटेज कुकवेअर : आजीच्या स्वयंपाकघरातला अस्सल वारसा.’ ऑनलाइन दुकानात बिडाचा तवा विकायला ठेवणाऱ्या एखाद्याने असं शीर्षक दिलं, की ते वाचायला छान वाटतं. पण ‘हेरिटेज कुकवेअर’ हे शब्द सर्चच्या चौकटीत कोण टाइप करणार? ज्याला तवा हवा आहे तो ‘बिडाचा तवा’ असं लिहितो, `bidacha tava` असं लिहितो, नाहीतर सरळ `cast iron dosa tawa`. यातला एकही शब्द शीर्षकात नसेल, तर तवा कितीही चांगला असो, गिऱ्हाइकाला तो दिसण्याची शक्यता फार कमी.

हे शब्द शोधायला पैसे लागत नाहीत. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, म्हणजे आपल्या जुन्या शोधांची छाया पडत नाही. गूगलवर आणि ज्या बाजारात माल विकायचा तिथल्या चौकटीत ‘बिडाचा तवा’ लिहून एक जागा सोडायची आणि खाली उघडणाऱ्या सूचना जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या. स्पेलिंग सुधारायचं नाही. मग हेच रोमन लिपीत, मग इंग्रजीत. शेजारच्या विक्रेत्यांच्या तव्याखाली लोकांनी विचारलेले प्रश्न आणि एक-दोन तारे दिलेल्या तक्रारी वाचायच्या. माझ्या मते सगळ्यात कसदार माल या तक्रारींत असतो. एक ध्यानात ठेवा : सूचनांमध्ये एखादा प्रश्न वर दिसला म्हणजे तो किती जणांनी विचारला, हे त्यावरून कळत नाही.

वही भरली की खरं काम सुरू होतं, कारण सगळे प्रश्न एका जातीचे नसतात. ‘बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो का’ हे विचारणारा अजून खरेदीच्या उंबरठ्यावर आहे. ‘तव्याला डोसा चिकटतो, काय करावं’ हे विचारणाऱ्याच्या घरी तवा बहुधा आधीच आहे. पहिल्याचं उत्तर शीर्षकात आणि पहिल्या वाक्यात हवं. दुसऱ्याचं उत्तर खाली, निगा राखण्याच्या भागात. दोघांची सरमिसळ केली, तर तवा विकायच्या आधीच आपण चिकटणाऱ्या डोशाची जाहिरात करून बसतो.

आता शीर्षक लिहू : ‘बिडाचा डोसा तवा, १२ इंच, सपाट तळ, गॅस व इंडक्शनसाठी, सीझनिंग केलेला’. यात प्रश्नचिन्ह कुठेच नाही, पण चार प्रश्नांची उत्तरं आहेत. मोबाइलवर शीर्षकाचा शेपटाकडचा भाग कापला जातो, म्हणून वस्तूचं नाव आणि माप आधी. शब्दांची खोगीरभरतीही नको. अॅमेझॉनवर शीर्षकाला अक्षरांची मर्यादा आहे आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा चालत नाही.

प्रश्न प्रश्नाच्याच रूपात शोभतात ते खालच्या वर्णनातल्या उपशीर्षकांत. ‘बिडाचा तवा गंजतो का?’ असं उपशीर्षक द्या आणि पहिल्याच वाक्यात उत्तर द्या : ‘हो, ओला ठेवला तर गंजतो, धुतल्यावर लगेच पुसून मंद आचेवर कोरडा करा आणि तेलाचा हात फिरवा.’ ‘आमच्या कुशल कारागिरांनी…’ ही प्रस्तावना हवीच असेल तर त्यानंतर. ‘किती जड असतो?’ याला ‘मजबूत आणि दणकट’ हे उत्तर होत नाही. तवा काट्यावर ठेवा. पावणेतीन किलो भरला तर पावणेतीन किलो लिहा. मनगट दुखणारं गिऱ्हाईक तिथेच थांबेल, पण परत येणारं एक पार्सल वाचेल.

फसवणूक होते ती जवळपासच्या शब्दांनी. लोक ‘नॉनस्टिक तवा’ही शोधतात, म्हणून तो शब्द शीर्षकात घुसडण्याचा मोह होतो. ‘लोखंडी तवा’ शोधणाऱ्याच्या मनात अनेकदा पोळ्यांचा पातळ, हलका तवा असतो. अशा शब्दांनी लोक पानावर येतात, वजन बघतात आणि निघून जातात.

हे ओळखायचं कसं? स्वतःची वेबसाइट असेल तर गूगलच्या Search Console मध्ये कोणत्या शोधावर आपलं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी उघडलं, हे फुकट कळतं. पान दिसतंय पण कोणी उघडत नाही, तर आधी शीर्षक, फोटो आणि किंमत तपासा. लोक उघडतात पण घेत नाहीत, तर शीर्षकाने दिलेला शब्द वर्णन पाळतंय का ते बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. शीर्षक, फोटो आणि किंमत एकाच दिवशी बदलली, तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.