ग्लासात कोमट, हौदात उकळतं : रसायनाचं प्रमाण वाढवताना नेमकं काय बिघडतं?

पवनीत कुणी कपभर पाण्यात कळीच्या चुन्याचा खडा टाकला, तर थोडं फसफसून पाणी गरम होईल, बस्स. तेच प्रमाण ठेवून रंगासाठी ड्रमभर चुना विझवला, तर मात्र पाणी उकळून अंगावर उडू शकतं. कृती तीच, मग फरक कशाचा?

फरक उष्णता बाहेर पडण्याचा. भांडं लांबी-रुंदी-उंचीत दहापट केलं की आतला माल हजारपट होतो, पण थंड होणारा पृष्ठभाग फक्त शंभरपट वाढतो. म्हणून मोठ्या प्रमाणासाठी हिशेब करताना उष्णता बाहेर जाणारच नाही असं धरतात. 1 किलो कळीचा चुना विझताना साधारण 1,150 किलोज्यूल उष्णता देतो. 10 लिटर पाण्यात टाकल्यास तापमान सुमारे 27 अंशांनी वाढेल. 3 लिटरच घेतलं तर गणित 90 अंशांवर जातं, म्हणजे 30 अंशांचं पाणी उकळणारच. उरलेल्या उष्णतेने 110 ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ होते आणि तिला जवळपास 190 लिटर जागा लागते. उघड्या हौदात ही वाफ निघून जाईल. झाकण लावलेल्या ड्रममध्ये कुठे जाणार?

हाच प्रश्न अमेरिकेत फ्लोरिडातल्या टी-टू लॅबोरेटरीज या कंपनीने पुरेसा तपासला नव्हता. पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन बनवताना तिथे सोडियम धातूची एका द्रवाशी क्रिया करत. त्यातून उष्णता आणि हायड्रोजन, दोन्ही निघत. प्रयोग झाले 1 लिटरच्या भांड्यात आणि उत्पादन सुमारे 9,300 लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये. पुढे 42व्या बॅचपासून माल आणखी एक तृतीयांशाने वाढवला. 19 डिसेंबर 2007 रोजी 175व्या बॅचला थंड करणारी यंत्रणा कमी पडली. तापमान साधारण 200 अंशांवर गेल्यावर सोडियमने चक्क द्रावकाशीच दुसरी, जास्त भयंकर क्रिया सुरू केली. दाब सोडणारा मार्ग नेहमीच्या हायड्रोजनपुरताच होता. स्फोटात 4 जण गेले, 32 जखमी झाले. आधीच्या 174 बॅच पार पडल्या होत्या, हे विशेष.

ही दुसरी क्रिया आधी कळू शकली असती. थोडा नमुना उष्णता बाहेर न जाऊ देणाऱ्या कॅलरीमीटरमध्ये नेहमीच्या तापमानाच्या बराच वरपर्यंत तापवतात आणि तापमान व दाब कुठे उसळी घेतात ते पाहतात. थंड करणं बंद पडलं तर माल त्या बिंदूपर्यंत पोहोचेल का, हे त्यावरून ठरतं. पोहोचणार असेल, तर सगळं एकदम न ओतता थोडं-थोडं घालतात आणि प्रत्येक वेळी तापमान वाढतंय ना हे बघतात. वाढत नसेल तर घालणं थांबवायचं, कारण माल आत साचतोय आणि नंतर एकदम पेटेल. जास्त भाजलेला चुना असाच फसवतो: बराच वेळ गप्प पडून राहतो, लोक आणखी टाकतात आणि मग सगळा एकाच वेळी उकळतो.