एक डबा, पाच वजाबाक्या

दिवाळीच्या तोंडावर फराळाचे दुकान ‘फराळ डबा’ विकायला काढते. त्यात चकली, चिवडा आणि शंकरपाळ्यांचे एकेक पाकीट, बेसनाच्या लाडवांची दोन पाकिटे आणि वर छापील खोका. गिऱ्हाईक मागते एक वस्तू, बिलावर ओळ पडते एक. पण कोठारातून पाच वेगळ्या वस्तू कमी व्हायला हव्यात, त्यातली एक दोनदा. खोक्याची नोंद बहुतेक जण विसरतात आणि नेमका ऐन गर्दीत खोकाच संपतो.

मग डबे शिल्लक किती? समजा चकली ४०, चिवडा ६०, शंकरपाळे ५०, लाडू ५० आणि खोके १००. चकली पाहून ४० म्हणावेसे वाटते. मात्र लाडू दोन-दोन लागतात, म्हणून डबे निघतात फक्त २५. तेवढ्यात कुणी सुटी सहा लाडवांची पाकिटे नेली, की एकही डबा न विकता हा आकडा २२ वर येतो. म्हणूनच डब्याला स्वतःचा साठा द्यायचा नसतो. तो दरवेळी घटकांवरून काढायचा असतो.

मुंबईत तयार झालेल्या ‘ईआरपीनेक्स्ट’मध्ये यासाठी `Product Bundle` आहे. डब्याच्या नावाने वस्तू उघडताना `Maintain Stock` ही खूण काढावी लागते. मग घटक आणि त्यांची संख्या भरायची. इथे एक खुबी आहे. ऑर्डर नोंदवल्याने साठा घटत नाही, माल पाठवल्याची डिलिव्हरी नोट पक्की केली की घटतो. काउंटर आणि वेबसाइट दोन्हीकडे विक्री असेल, तर मधल्या काळात ऑर्डरीत अडकलेला माल बाजूला धरावाच लागतो. नाहीतर तेच शेवटचे लाडू दोघांना विकले जातात.

सगळ्यात फसवी चूक मात्र संगणकात होत नाही, मांडणीवर होते. सकाळी मोकळा वेळ मिळाला म्हणून मुलांनी दहा डबे आधीच भरून ठेवले. संगणकाच्या लेखी तो माल अजून सुटाच आहे. संध्याकाळी तिथे चकली ४० दिसते, फळीवर ३० सापडते आणि संशय उगाच चोरीवर जातो. खूण ओळखायला सोपी आहे: चकली, चिवडा, शंकरपाळे आणि खोके प्रत्येकी दहाने कमी, लाडू नेमके वीसने. तूट डब्याच्याच प्रमाणात असेल, तर माल कुठे गेलेला नाही. तो भरलेल्या डब्यांत आहे.

आधी भरून ठेवायचेच असेल, तर ‘तयार डबा’ ही साठा असलेली वेगळी वस्तू करावी. भरताना घटक वजा आणि डबे जमा, अशी नोंद त्याच वेळी घ्यावी. विक्रीच्या वेळी मग फक्त हा डबाच वजा होईल, घटकांना पुन्हा हात लागणार नाही. डबा फोडून सुटा माल विकायचा झाला, तर उलटी नोंद.