पाटी १२८ ची, खोल्या आठच

मेमरी कार्ड मोबाइलमध्ये घातलं, सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं आणि '१२८ जीबी' असं दिसलं, की माल अस्सल आहे असं आपण धरून चालतो. बनावट कार्डांचा धंदा या समजुतीवरच चालतो. आपली क्षमता किती, हे मोबाइल किंवा संगणक स्वतः मोजत नाही. कार्डाच्या पोटात कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते, तिला तो विचारतो आणि ती सांगेल तो आकडा पडद्यावर दाखवतो. त्या चिपमधला प्रोग्रॅम बदलला, की ८ जीबीचं कार्ड बिनदिक्कत १२८ सांगू लागतं. पेन ड्राइव्हची गोष्टही वेगळी नाही.

म्हणजे आठ खोल्यांच्या चाळीवर १२८ खोल्यांची पाटी लावलेली असते. पहिल्या आठ बिऱ्हाडांची व्यवस्था नीट लागते. नववं बिऱ्हाड आलं, की त्याला पुन्हा पहिल्या खोलीची किल्ली दिली जाते आणि आधीच्या बिऱ्हाडाचं सामान बाहेर जातं. काही कार्डांत असंच होतं. जुन्या फोटोंवर नवे फोटो लिहिले जातात. काही कार्डं त्याहून निर्लज्ज असतात. जादा आलेला डेटा ती कुठेच लिहीत नाहीत आणि 'लिहिला' असं मात्र कळवतात. कार्डावर कोणत्या फाइली आहेत याची यादी सहसा सुरुवातीच्या भागात असल्यामुळे फाइलींची नावं, तारखा, आकार सगळं जागच्या जागी दिसतं. फाइल उघडायला गेलं, की ती उघडत नाही, किंवा फोटोचा वरचा पट्टा दिसतो आणि खाली करडा रंग येतो.

म्हणूनच ही फसवणूक उशिरा लक्षात येते. पहिले काही आठवडे खऱ्या ८ जीबीतच काम भागतं. बिघाड दिसू लागतो तोवर माल परत करायची मुदत टळलेली असते आणि माणूस व्हायरसला नाहीतर मोबाइलला दोष देत बसतो.

खरी क्षमता कळण्याचा भरवशाचा मार्ग एकच: कार्ड काठोकाठ भरायचं आणि मग सगळं पुन्हा वाचून बघायचं. हे काम करणारे मोफत प्रोग्रॅम आहेत. विंडोजवर h2testw चालतो. तो 'सीटी' या जर्मन संगणक मासिकाच्या हाराल्ड ब्योगेहोल्त्स यांनी लिहिला. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी F3 आहे.

h2testw वापरायचं असेल तर आधी कार्ड पूर्ण रिकामं करा. त्यावर काही ठेवण्याजोगं असेल तर ते दुसरीकडे उतरवून घ्या, कारण बनावट कार्डावर ही चाचणी आधीचा डेटा पुसू शकते. प्रोग्रॅम उघडल्यावर इंग्रजी भाषा निवडा, 'Select target' मध्ये कार्ड दाखवा आणि 'Write + Verify' दाबा. तो एकेक जीबीच्या फाइली लिहीत जातो आणि कार्ड भरल्यावर पहिल्यापासून वाचायला घेतो. सेकंदाला १५ एमबी वेग मिळाला, तर १२८ जीबीचं कार्ड भरायला अडीच तासांच्या आत-बाहेर लागतात आणि वाचायला जवळपास तेवढेच. रात्री लावून झोपणं सोयीचं.

कार्ड चोख असेल तर शेवटी 'Test finished without errors' असं येतं. समजा, १२८ च्या पाटीखाली ८ जीबीच निघाले, तर निकालाचा मथितार्थ असा असतो:

```
The media is likely to be defective.
7.2 GByte OK
109.9 GByte DATA LOST
```

तिसऱ्या ओळीत दिसते ती जागा मुळात नाहीच.

'मीच एक सिनेमा वीस वेळा कॉपी करून बघतो' असं कुणी म्हणेल. त्यात एक खोच आहे. एकाच फाइलीवर तीच फाइल पुन्हा लिहिली गेली तर ती चालताना दिसू शकते आणि चोरी झाकली जाते. हे प्रोग्रॅम कार्डाच्या प्रत्येक भागात वेगळा मजकूर लिहितात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा आला की लगेच पकडला जातो. वाचन सगळं लिहून झाल्यावर का, याचंही उत्तर इथेच आहे. लिहिल्या लिहिल्या वाचलं तर शेवटचं बिऱ्हाड घरातच सापडणार!

पडद्यावरचा आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमी असणं ही मात्र फसवणूक नव्हे. कंपन्या एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०७ कोटींच्या वर धरतं. त्यामुळे अस्सल १२८ जीबीचं कार्ड तिथे ११७ ते ११९ च्या घरात दिसतं.

आता वेष्टन आणि कार्डावरच्या खुणा. त्यांनी कार्ड नापास करता येतं, पास करता येत नाही, कारण छपाईची नक्कल सोपी असते. कार्डावर क्षमतेशेजारी 'एचसी' किंवा 'एक्ससी' अशी अक्षरं असतात. एचसी हा प्रकार ३२ जीबीपर्यंतच जातो. त्यापुढे एक्ससी लागतं. १२८ जीबीच्या कार्डावर एचसी दिसलं तर तिथेच थांबा. वेष्टनावरचं स्पेलिंग चुकलेलं असणं, वेष्टनावर एक क्षमता आणि कार्डावर दुसरी, एकाच दुकानातल्या चार कार्डांवर तोच अनुक्रमांक, या खुणाही तशाच. आपल्याकडे वेष्टित मालावर आयातदाराचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. हे काहीच नसलेलं चकचकीत पाकीट नामांकित कंपनीचं असण्याचा संभव कमी.

विकणारा कोण, हा प्रश्न ऑनलाइन खरेदीत जास्त अडचणीचा आहे. वस्तूचं पान एकच असतं, पण त्यावर विकणारे अनेक असू शकतात. म्हणून ब्रँडच्या नावाबरोबर विक्रेत्याचं नाव वाचा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर ते तिथे आहे का, ते पाहा. पंचतारांकित अभिप्राय बहुधा पहिल्या दोन दिवसांत लिहिलेले असतात; तेव्हा बनावट कार्डही उत्तम चालत असतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलंत, तर क्षमता आणि कंपनी लिहिलेलं पक्कं बिल मागा. बिल द्यायला टाळाटाळ झाली, की दुकान बदला. काहीशे रुपयांत दोन टीबीचा पेन ड्राइव्ह मिळत असेल, तर त्याची चाचणीही करायची गरज नाही.

चाचणीची एक मर्यादा लक्षात ठेवा. क्षमता पुरी, पण आत हलक्या दर्जाची चिप असलेला मालही विकला जातो. h2testw शेवटी लिहिण्याचा वेग दाखवतं, तो इथे उपयोगी पडतो. कार्डावर 'व्ही३०' छापलं असेल तर सेकंदाला किमान ३० एमबीचा वेग अपेक्षित आहे. मात्र जुन्या यूएसबी २ रीडरमुळेही वेग पडतो, म्हणून निदान यूएसबी ३ रीडर वापरूनच करा.

कार्ड बनावट निघालं तर निकालाचा फोटो काढा, बिल आणि वेष्टन जपा आणि मुदतीत परत करा. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. 'निदान ८ जीबी तरी वापरू' हा मोह टाळा. असल्या कार्डांत अनेकदा टाकाऊ चिप बसवलेली असते आणि ते आठही जीबी किती दिवस टिकतील, याची हमी कुणीच देत नाही.