‘विनाखर्च हप्ता’ : जाहिरातीतील एका शब्दाचा हिशेब

जाहिरातीच्या भाषेत काही शब्द जे सांगतात त्याहून अधिक गाळतात. ‘विनाखर्च हप्ता’ हा त्यांपैकीच एक होय. ‘विना’ या शब्दाने खर्चाचा अभाव सूचित होतो. पण तो अभाव कोणाच्या बाबतीत, हे वाक्यात येत नाही. बँक किंवा वित्तसंस्था व्याजावाचून पैसे देत नाही. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. मग हे व्याज जाते कोठे, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

एका शीतकपाटाची किंमत ३०,००० रुपये आहे आणि क्रेडिट कार्डावर २,५०० रुपयांचे बारा मासिक हप्ते ठरले आहेत, असे समजा. बँकेचा व्याजदर वार्षिक १५ टक्के असेल, तर या बारा हप्त्यांचे आजचे मोल सुमारे २७,७०० रुपये भरते. बँक साधारण तेवढ्याच रकमेचे कर्ज मांडते आणि उरलेले २,३०० रुपये बिलावर ‘सूट’ म्हणून दिसतात. ही सूट म्हणजेच व्याज. ते उत्पादक किंवा विक्रेता आपल्या नफ्यातून सोसतो, अथवा छापील किमतीत आधीच मिळवून ठेवतो. बहुधा दोन्ही थोडे थोडे घडते.

ग्राहकाच्या वाट्याला आणखी काही येते. कार्डावरील व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. येथे तो सुमारे ४१४ रुपये होईल. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असल्यास करासह २३५ रुपये. म्हणजे ‘विनाखर्च’ खरेदीवर ६४९ रुपये खर्च झालाच.

पण खरी मेख वेगळीच आहे. समजा, सगळे पैसे एकदम देणाऱ्याला हेच शीतकपाट २८,५०० रुपयांना मिळते. विक्रेत्याला व्याज सोसावे लागत नसल्याने तेवढी घासाघीस त्याला परवडते. हप्तेवाला ३०,६४९ रुपये मोजतो, म्हणजे २,१४९ रुपये अधिक. कर्ज दरमहा फिटत जाते, वर्षभरातील सरासरी थकबाकी जेमतेम निम्मी असते. हे लक्षात घेतल्यास हा भार वार्षिक १४ टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेचा दर १५ होता, हे येथे आठवावे.

म्हणून दुकानात हप्त्याचा विषय काढण्यापूर्वीच “आज पूर्ण रक्कम दिली तर शेवटची किंमत काय?” असे विचारावे. तोच प्रश्न शेजारच्या दुकानातही विचारावा, कारण वाढवून छापलेली किंमत एकाच दुकानात ओळखता येत नाही. दोन्हीकडे रोखीची किंमत ३०,००० च निघाली, तर व्याज खरोखरच उत्पादकाने किंवा विक्रेत्याने उचलले आहे, असे बऱ्याच अंशी मानता येईल. तेव्हा कर आणि शुल्काचे ६४९ रुपये ही वर्षभराच्या सवलतीची किंमत ठरते आणि ती स्वस्तच म्हणावी लागेल.