शून्याखालचा भाव

मार्च २०२० च्या अखेरीस देशातली प्रवासी विमानं थांबली आणि येरवड्यातून लोहगावकडे जाणारा विमानतळ रस्ता ओस पडला. जगभर हेच चाललं होतं. विहिरींतून तेल येतच होतं, जाळायला मात्र कुणी नव्हतं.

२० एप्रिलला, सोमवारी, मुंबईच्या एमसीएक्सवर कच्च्या तेलाच्या एप्रिल वायद्याचा शेवटचा दिवस होता. टाळेबंदीमुळे बाजार संध्याकाळी पाचलाच बंद झाला, तेव्हा पिंपाचा भाव ९६५ रुपये होता. एक लॉट १०० पिंपांचा. त्या भावानं एक लॉट घेतलेल्याचा हिशेब सरळ होता: तेल अगदी फुकट झालं तरी ९६,५०० रुपयेच बुडतील.

पण अंतिम भाव न्यूयॉर्कच्या नायमेक्सवरून, आपल्या मध्यरात्री ठरणार होता. तिथल्या मे वायद्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. तो हातात राहिला तर ओक्लाहोमातल्या कुशिंगला खरोखरचं तेल ताब्यात घ्यावं लागतं, आणि तिथल्या टाक्या भरलेल्या किंवा आधीच भाड्यानं गेलेल्या होत्या. ज्यांच्याकडे साठवायला जागा नव्हती ते वरून पैसे देऊन सौदा दुसऱ्याच्या गळ्यात मारू लागले. भाव शून्याखाली घसरला आणि उणे ३७.६३ डॉलरवर ठरला.

मुंबईत तोवर सौदा सोडायची वाटच उरली नव्हती. एमसीएक्सनं आधी तात्पुरता १ रुपया भाव लावला, नंतर उणे २,८८४ रुपये. लॉटमागे तोटा झाला ३,८४,९०० रुपयांचा.

अंदाज कुठे चुकला हे शोधताना खरी गोम सापडते. ऑप्शनची किंमत काढणारं प्रचलित ब्लॅक सूत्र भावाचा लॉगॅरिदम घेतं, आणि उणे संख्येचा तो निघत नाही. म्हणजे या सूत्रात उण्या भावाची शक्यता कमी नव्हती, तिला जागाच नव्हती. नायमेक्सचा हा वायदा १९८३ पासून चालू होता. त्या सगळ्या वर्षांची आकडेवारी ओतली तरी न घडलेली गोष्ट तिच्यातून निघाली नसती.

नायमेक्स चालवणाऱ्या सीएमईनं काही दिवस आधीच उण्या भावाची तयारी सुरू केली होती आणि तसं कळवलंही होतं. एखादा अनपेक्षित धक्का ‘काळा हंस’ आहे की नाही हे पाहणाऱ्याच्या माहितीवर ठरतं, असं नसीम तालेब सांगतात ते इथे पटतं. तरीही कोणत्या दिवशी, किती खाली, हे सीएमईलाही सांगता येत नव्हतं. २२ एप्रिलपासून त्यांनी तेलाच्या ऑप्शनसाठी उणे भाव चालणारं बॅशेलिए सूत्र लावलं. पण तेही उद्याचा भाव सांगत नाही.

म्हणून तारखेमागे धावण्यापेक्षा आपल्या तोट्याची मर्यादा कुठून आली ते तपासावं. ऑप्शन विकत घेणाऱ्याचा तोटा भरलेल्या प्रीमियमपुरताच राहतो, कारण ती मर्यादा करारात आहे. ९६,५०० ही मर्यादा करारात कुठेच नव्हती. ती फक्त सवयीतून आली होती.