चॅटबॉटचा लांबलेला संवाद छाटताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समजा, लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेण्यासाठी एका केटररने चॅटबॉट बसवला आहे. ग्राहक पहिल्या संदेशात सांगतो, पाहुणे 180. तिसऱ्या संदेशात सांगतो, नवरदेवाच्या आजीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मग गोडाधोडावर, वेळेवर, भाड्याच्या भांड्यांवर बोलणं लांबतं आणि चाळिसाव्या संदेशात पाहुणे 220 होतात. शेवटी बॉट सुचवतो: दाण्याचा कूट घातलेली भरली वांगी. चूक कुठे झाली?

गैरसमज: आधीचं बोलणं मॉडेलला आठवत असतं.

वस्तुस्थिती: दोन उत्तरांच्या मध्ये मॉडेल स्वतःकडे काहीही साठवत नाही. प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर आधीचा संवाद त्याच्याकडे पुन्हा पाठवला जातो. एका वेळी किती मजकूर मावेल याची मर्यादा म्हणजे कॉन्टेक्स्ट विंडो. ती टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या लहान तुकड्यांत मोजतात. आपल्या बॉटची विंडो 8,000 टोकनची धरू. त्यातले 600 केटररच्या कायमच्या सूचनांना जातात आणि 1,000 उत्तरासाठी राखून ठेवावे लागतात, कारण बहुतेक मॉडेलांत उत्तरही त्याच मर्यादेत मोजलं जातं. संवादासाठी उरतात 6,400. शब्द मोजून हा हिशेब जमत नाही. त्याच आशयाच्या मराठी मजकुराला बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, म्हणून त्या मॉडेलच्याच टोकनायझरने मोजावं.

गैरसमज: जागा संपली की सर्वांत जुने संदेश काढून टाकावेत.

वस्तुस्थिती: ही पद्धत सर्वांत सोपी, म्हणून सर्रास वापरली जाते. पण संदेश जुना आहे म्हणून तो बिनमहत्त्वाचा ठरत नाही. उलट नाव, तारीख, पथ्य, बजेट या गोष्टी लोक सुरुवातीलाच सांगतात. आपल्या उदाहरणात ॲलर्जीचा तिसरा संदेश पहिल्याच छाटणीत गेला, म्हणून वांग्यात कूट आला. छाटताना प्रश्न आणि त्याचं उत्तर ही जोडीही तुटू देऊ नये. बॉटने दरपत्रक तपासलं असेल, तर ती विनंती आणि तिचा निकाल एकत्र ठेवावा किंवा एकत्र काढावा. नुसता निकाल उरला तर काही सेवा असा संवाद स्वीकारतच नाहीत.

गैरसमज: जुन्या भागाचा सारांश करून ठेवला की काही हरवत नाही.

वस्तुस्थिती: सारांशात बोलण्याचा ओघ टिकतो, तपशील झिजतात. 220 चे ‘दोनशेच्या आसपास’ होतात. ‘पनीर नको’ याचं ‘पनीरबद्दल चर्चा झाली’ होतं, म्हणजे नकारच गळतो. सारांशाचा पुन्हा सारांश केला की झीज वाढत जाते. म्हणून आकडे, नावं, नकार आणि ठरलेले निर्णय सारांशावर न सोपवता वेगळ्या नोंदीत ठेवावेत:

```
पाहुणे: 220 (आधी 180, रद्द)
ॲलर्जी: शेंगदाणा, नवरदेवाची आजी
नको: पनीर
बाकी: मिठाईचा निर्णय
```

ही नोंद प्रत्येक संदेशानंतर अद्ययावत करायची. आकडा बदलला तर जुन्याच्या जागी नवा लिहायचा आणि जुना ठेवलाच तर तो रद्द असं नोंदवायचं. दोन्ही सुटे राहिले तर मॉडेल कोणताही उचलू शकतं. मग 6,400 टोकनची वाटणी अशी करता येते: नोंदीला 300, जुन्या गप्पांच्या सारांशाला 600 आणि उरलेले 5,500 अलीकडच्या संदेशांना, जसेच्या तसे. ‘तेच ठेवा’, ‘दुसरा पर्याय चालेल’ अशा वाक्यांचा अर्थ लावायला अलीकडचे मूळ शब्दच लागतात.

गैरसमज: मोठ्या विंडोचं मॉडेल घेतलं की छाटणी लागत नाही.

वस्तुस्थिती: मावणं वेगळं आणि नेमकं सापडणं वेगळं. 2023 च्या ‘लॉस्ट इन द मिडल’ या शोधनिबंधात तेव्हाच्या मॉडेलांची परीक्षा घेतली गेली. लांब मजकुराच्या सुरुवातीला किंवा शेवटी असलेली माहिती ती चांगली वापरत होती, मधली मात्र अनेकदा निसटत होती. नंतरची मॉडेलं सुधारली, तरी लांब संवादात दडलेला एखादा तपशील हमखास सापडेलच असं नाही. शिवाय पाठवलेल्या प्रत्येक टोकनचे पैसे पडतात. त्यामुळे विंडो मोठी असली तरी नोंद सूचनांना लागून वर किंवा ताज्या प्रश्नाच्या जवळ ठेवावी.

छाटणी जमली की नाही, हे उत्तराच्या सफाईवरून कळत नाही, कारण माहिती हरवलेला बॉटही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतो. म्हणून छाटण्याआधी संवादातले पाच-सहा तपशील निवडा आणि छाटल्यावर तेच विचारा: पाहुणे किती, कोणाला काय चालत नाही, काय ठरायचं बाकी आहे? एकही उत्तर चुकलं तर तो तपशील नोंदीत घाला आणि मगच बॉट ग्राहकांसमोर ठेवा.