ताबापत्र, त्रुटींची यादी आणि राखून ठेवलेली रक्कम

घर बांधून देणाऱ्या ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून मालक साधारण पाच टक्के रक्कम कापून स्वतःकडे ठेवतो. बांधकामाच्या व्यवहारात तिला रिटेन्शन म्हणतात. प्रचलित पद्धतीनुसार तिचा अर्धा भाग काम पूर्ण होऊन ताबा मिळाल्यावर आणि उरलेला अर्धा दोषदायित्व कालावधी संपल्यावर परत दिला जातो. ताबा घेताना मात्र काही ना काही राहिलेले असतेच. अशा वेळी ‘किरकोळ कामे बाकी’ एवढेच लिहून ताबापत्रावर सह्या झाल्या, तर वादाला तोंड फुटते. किरकोळ म्हणजे काय आणि त्यासाठी किती पैसे अडवायचे, हे दोघांपैकी कोणालाच दाखवता येत नाही.

समजा, नाशिकमधल्या एका बंगल्याचा ठेका ६० लाखांचा आहे. रिटेन्शन ३ लाख झाले, म्हणजे ताब्याच्या वेळी दीड लाख द्यायचे. वास्तुविशारद, मालक आणि ठेकेदार तिघांनी मिळून पाहणी केली, तेव्हा चार त्रुटी आढळल्या. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखालचे छत ओले आहे. गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात पाणी साचते. दिवाणखान्यातल्या अकरा फरश्या ठोकल्यावर पोकळ वाजतात. स्वयंपाकघराच्या खिडकीखालून पावसाचे पाणी आत झिरपते.

यादीत यातल्या प्रत्येक नोंदीला जागा, दोष, मुदत आणि रक्कम जोडायची असते. पण सर्वांत महत्त्वाची असते ती कसोटी, म्हणजे दुरुस्ती झाली हे कशावरून ठरवायचे. ‘बाथरूमची गळती काढणे’ एवढे लिहिले, तर ठेकेदार खालच्या छताला नवा रंग मारून मोकळा होऊ शकतो. डाग जातो, ओल तशीच राहते. त्याऐवजी नोंद अशी हवी: नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये पाणी भरावे, पातळीची खूण करावी, ४८ तासांनी खालचे छत कोरडे असावे. गच्चीसाठी पाणी ओतून ते पन्हळीपर्यंत वाहते का, हे पाहता येते. पोकळ फरश्यांवर खडूने खूण करून त्यांचे फोटो यादीला जोडले, की नंतर ‘ही फरशी यादीत नव्हती’ असे म्हणायला जागा उरत नाही.

रक्कम ठरवताना ठेकेदाराला स्वतःला येणारा खर्च धरून चालत नाही. तो परत आलाच नाही, तर दुसऱ्याला बोलावून तेच काम करून घ्यायला काय लागेल, याचा अंदाज घ्यावा लागतो, आणि छोट्या कामासाठी येणारा नवा माणूस नेहमीच महाग पडतो. या उदाहरणात बाथरूमसाठी ६० हजार, गच्चीसाठी ४० हजार, फरश्यांसाठी १५ हजार आणि खिडकीसाठी १० हजार धरले, तर बेरीज सव्वा लाख होते. ताब्याच्या दिवशी २५ हजार दिले जातात. पुढे जी नोंद कसोटीला उतरेल, तिची रक्कम ठरलेल्या दिवसांत मोकळी होते. फरश्या बदलल्या, तर १५ हजार लगेच द्यावे लागतात. बाथरूम बाकी आहे म्हणून ते अडवता येत नाहीत. ठेकेदाराला माणसे पुन्हा पाठवावीशी वाटतात ती याच तरतुदीमुळे. सगळी रक्कम शेवटच्या नोंदीला बांधली, तर लहान कामांतही त्याचा रस संपतो.

यादी ताब्याच्या दिवशी बंद होते, हेही पत्रात स्पष्ट असावे. राहायला गेल्यावर सुचलेले जादा कपाट किंवा बदललेला रंग ही त्रुटी नव्हे, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. नंतर उघड होणाऱ्या दोषांसाठी उरलेले दीड लाख असतात, आणि त्यांचा कालावधी ताबापत्राच्या तारखेपासून मोजला जातो. महाराष्ट्रात इथे पावसाळ्याचे भान हवे. ऑक्टोबरमध्ये ताबा घेऊन सहा महिन्यांचा कालावधी मान्य केला, तर तो एप्रिलमध्ये संपतो आणि घराने एकही पावसाळा पाहिलेला नसतो. बारा महिने घेतले, तर जून ते सप्टेंबर आत येतात. दुरुस्त केलेल्या भागाचा कालावधी दुरुस्तीच्या तारखेपासून नव्याने सुरू होईल, हे वाक्यही पत्रात घालून घेता येते.

मुदत उलटूनही काम झाले नाही, तर रक्कम आपोआप मालकाची होत नाही. आधी लेखी नोटीस द्यावी, मग दुसऱ्याकडून काम करून घ्यावे, बिल जोडून तेवढेच वजा करावे आणि शिल्लक परत द्यावी. खर्च ६० हजारांऐवजी ४५ हजार आला, तर १५ हजार ठेकेदाराचे. कारण भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात आकडा लिहिलेला असला, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते.

बिल्डरकडून सदनिका घेणाऱ्याची स्थिती वेगळी असते. ताब्याआधी बहुतेक पैसे दिलेले असल्याने त्याच्या हाती रिटेन्शन नसते. त्याला रेरा कायद्याच्या कलम १४(३) चा आधार आहे: ताब्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तिथेही जागा आणि कसोटी नमूद केलेली यादी ताब्याच्या दिवशीच देऊन तिची पोच घेतली, तर दोष कधी कळवला हे पुढे सिद्ध करता येते.